एडिसनला आता सोड

पुणे
रविवार, रात्र

प्रिय मुक्ता,

तुझा निबंध काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आला. खाली तुझी ओळ होती, ‘आत्या, फक्त इंग्रजी तपास, मुद्दे क्लासमध्ये दिलेत.’ निबंधापेक्षा ती ओळच मला जास्त लागली. मुद्दे दिलेत म्हणजे काय गं? परीक्षा तुझी आहे ना?

इंग्रजी तपासलं. चार-पाच चुका आहेत, कडेला खुणा केल्यात. तेवढ्यानं गुण फारसे हलणार नाहीत. इतकी वर्षं मुलांचे जीआरईचे निबंध तपासते आहे, त्या सवयीनं प्रामाणिकपणे सांगायचं तर सहापैकी तीन. फोनवर तू लगेच म्हणशील की इंजिनियरिंगवाल्यांना साडेतीन पुरतात. पुरत असतील. पण तीन का पडले, हे तुला कळायला हवं.

विषय असा होता: एखाद्या समाजाची सर्वांत महत्त्वाची वैशिष्ट्यं समजायची तर त्याची मोठी शहरंच अभ्यासायला हवीत. त्याखाली सूचना होती की तू कितपत सहमत आहेस ते सांग, आणि हे विधान कुठे खरं ठरेल, कुठे ठरणार नाही, याचा विचार करून त्यानं तुझी भूमिका कशी घडली ते दाखव. सूचनेचा हा दुसरा भाग तू वाचलासच नाहीस. गुणांच्या निकषांत दिलेल्या सूचनेला उत्तर देणं हीच पहिली गोष्ट आहे. ते अर्धवट राहिलं की भाषा कितीही सफाईदार असली तरी निबंध तीनच्या आसपास अडकतो.

तुझी भूमिका पहिल्या परिच्छेदात ‘पूर्णपणे सहमत’ आणि शेवटच्यात ‘खेड्यांचंही महत्त्व आहेच’. ही दोन्हीकडे पाय ठेवून उभी राहिलेली भूमिका झाली. मधली वाट घेऊ नये असं मी म्हणत नाही. कोणती बाजू घ्यायची याला परीक्षेत काही बंधन नाही, बरोबर उत्तर असं नसतंच. पण मधली वाट घेतलीस तर कोणत्या अटीवर, ते सांगावं लागतं. त्या विधानातला ‘च’ पकड. सगळा वाद त्या ‘च’मध्ये आहे. मी असं लिहिलं असतं: समाज कुठे बदलतो आहे हे मोठ्या शहरात आधी दिसतं, म्हणून सुरुवात तिथून करावी, पण तो तसा का वागतो याचं कारण पुष्कळदा शहराबाहेर असतं, म्हणून तिथे थांबू नये. दोनच वाक्यं, पण पुढच्या परिच्छेदांनी काय काम करायचं ते त्यांत ठरून गेलं.

आता उदाहरणं. न्यूयॉर्क, लंडन, मुंबई अशी तीन नावं एका ओळीत, आणि मग एडिसन! तुझ्या दादाच्या वहीत होता तोच एडिसन, त्याच हजार प्रयत्नांसकट. शहरांच्या विषयात तो आला कुठून? क्लासमध्ये पाठ करून घेतलेली पाच उदाहरणं कुठल्याही विषयाला चिकटवता येतात, म्हणूनच ती कुठल्याच विषयाचं काही सिद्ध करत नाहीत. शिवाय दुसऱ्या लिखाणाशी ठळक साम्य आढळलं तर गुण रद्द करण्याचा हक्क परीक्षा घेणारी ईटीएस राखून ठेवते. याची मला खरोखर काळजी वाटते. तुझ्या क्लासमधली सगळीच मुलं तोच परिच्छेद लिहिणार.

घरात गिरणगाव असताना तू एडिसनकडे गेलीस, याचं मला फार वाईट वाटलं. आबांनी किती वेळा सांगितलंय, विणकाम खात्यात दलितांना का घेत नसत ते. कांडीवरचं सूत धोट्यातून ओढायला तोंडानं चोखावं लागे, आणि ते उष्टं सूत इतरांना चालत नसे. त्या खात्यात पगार चांगला, पण दार बंद. हे उदाहरण तुझ्या विधानाच्या बाजूचं आहे, आणि केवढं बळकट! यंत्र आलं, रोख पगार आला, गावकी मागे राहिली, तरीही जात टिकली. ती फक्त गावगाड्यापुरती नव्हती हे गाव बघून कळलं नसतं, त्यासाठी शहरच बघावं लागतं. हे शेवटचं वाक्य लिहायचंच, मुक्ता. उदाहरणाचा भूमिकेशी सांधा त्या वाक्यानं जुळतो. तू गोष्ट सांगून पुढच्या परिच्छेदात उडी मारतेस, आणि मधलं ‘म्हणून’ वाचणाऱ्यावर सोडतेस. तो ते भरत नाही. भरणं त्याचं कामही नाही.

मग उलट बाजू. 1982चा संप. सुमारे अडीच लाख कामगार, आणि संप वर्षाहून जास्त लांबला. नुसती मुंबई बघणाऱ्याला पगाराविना माणसं इतके दिवस कशी तगली याचा उलगडा व्हायचा नाही. पुष्कळ जण कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतले होते. आबा आले तेव्हा मी शाळेत होते; त्या पावसाळ्यात ते आणि काका भातलावणीला एकत्र उतरले होते, ते मला अजून दिसतं. इतकी वर्षं मनीऑर्डर शहरातून गावी जात होती, त्या वर्षी गावानं तांदूळ दिला. म्हणजे शहरातल्या संपाची ताकद शहराबाहेर होती. इथे विधान लंगडं पडतं, आणि नेमकं कुठे पडतं तेही दिसतं.

यावर कुणी म्हणेल, ही एकाच शहराची गोष्ट झाली. खरं आहे, आणि ते निबंधात आपणहून कबूल करावं: जिथे शहरात येणाऱ्यांचं गावाशी नातं तुटलेलं असतं, तिथे हा मुद्दा तितका लागू पडणार नाही. अशी कबुली दिल्यानं भूमिका ढिली पडत नाही, तिची हद्द आखली जाते. पाच-सहाचे निबंध चार-तीनच्या निबंधांपासून इथेच वेगळे होतात. चारच्या निबंधातही भूमिका स्पष्ट असते, उदाहरणं विषयाला धरून असतात. पण विचार पहिल्या पायरीवरच थांबलेला असतो.

तुझ्याजवळ तीसच मिनिटं असतात, म्हणून दोन उदाहरणं पुरेत. पहिली चार-पाच मिनिटं काहीही टाइप करू नकोस, कागदावर फक्त दोन ‘म्हणून’ लिही. ते सापडले नाहीत तर उदाहरण बदल. शेवटची तीन मिनिटं वाचायला ठेव, कारण तिथल्या पडद्यावर स्पेलिंग चुकलं तर लाल रेघ येत नाही. सरावातही ती बंद कर.

बुधवारपर्यंत हाच विषय पुन्हा लिहून पाठव. क्लासची वही मिटून. आणि एक विचारायचं राहिलं. निबंधात तू लिहिलंस की खेड्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. हेही दिलेलंच वाक्य ना? तसं असेल तर बरं. मे महिन्यात तू गावी आली नाहीस, आजीनं तीनदा विचारलं, आणि मी परीक्षेचं कारण सांगितलं.

रात्री दोनला जागी का होतीस? सकाळी फोन कर.

तुझी,
आत्या