फ्लीसचं जॅकेट: ऊब कुठून येते, गोळे का धरतात, अन् शेकोटीपाशी काय होतं



थंडी पडली की आमच्या निफाडकडं रात्रीची लाईट अन् रात्रीचं पाणी, दोन्ही एकदमच येतं. कांद्याला, गव्हाला पाणी भरायला जो तो फ्लीसचं जॅकेट घालून निघतो. हलकं, मऊ, स्वस्त, अन् ओलं झालं तरी लवकर वाळतं. बाजारात काही दुकानदार ते 'लोकरीचं' म्हणून देतात, पण आतल्या पट्टीवर बघा, बहुतेक वेळा शंभर टक्के पॉलिस्टर लिहिलेलं असतं. म्हणजे पाण्याच्या बाटलीचं जे प्लास्टिक, त्याच जातीचा धागा. जुन्या बाटल्या वितळवूनसुद्धा हे कापड करतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स गावी माल्डन मिल्स नावाची गिरणी होती, तिनं 1979 च्या सुमारास हे कापड काढलं. मेंढीच्या लोकरीसारखी ऊब पण वजन कमी, हा त्यामागचा विचार.

ते तयार कसं होतं हे समजलं की त्याचे गुण अन् अवगुण दोन्ही कळतात. आधी पॉलिस्टरच्या बारीक धाग्याचं विणकाम करतात, स्वेटरसारखं, फाशा-फाशांचं. मग ते कापड बारीक तारांचे दात असलेल्या रुळांवरून फिरवतात. ते दात फासे ओरबाडतात, धागे वर ओढून तोडतात, अन् कापडावर लव उभी राहते. वरची लव मग कात्रीनं सारखी करतात. म्हणजे जो मऊपणा आपल्या हाताला लागतो, तो मुद्दाम तोडलेल्या धाग्यांचा आहे.

ऊब ह्या लवेतून येते. धागा स्वतः गरम नसतो. लवेत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रात्री वारा सुटला की मात्र ती हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, म्हणून बांधावर नुसतं फ्लीस घालून उभं राहिलं की वाऱ्यात कुडकुडायला होतं. वरून पातळ रेनकोट किंवा जाड सुती शर्ट घातला की तेच जॅकेट दुप्पट उबदार वाटतं. करून बघा.

आता चटचट आवाजाचं. रात्री घरी येऊन अंधारात जॅकेट काढलं की ठिणग्या दिसतात, केस उभे राहतात. सुकी लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण सोळा टक्के पाणी हवेतून धरून ठेवते, कापूस आठ टक्क्यांच्या आसपास, अन् पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घासल्यानं कापडावर विजेचा भार साठतो. ओलसर धाग्यातून तो निघून जातो, कोरड्या पॉलिस्टरवर बसून राहतो. हिवाळ्यातली हवा कोरडी, म्हणून हा त्रास पावसाळ्यात होत नाही. अंगाला बसणारा झटका किरकोळ असतो, पण पेट्रोलची वाफ त्याच ठिणगीनं पेटू शकते. फवारणी पंपात किंवा पॉवर विडरमध्ये पेट्रोल ओतताना शेजारी उभं राहून जॅकेट काढायचं नाही, घालायचं नाही. ओतायच्या आधी टाकीच्या तोंडापासून लांब कुठल्या तरी लोखंडाला हात लावून घ्यावा. द्राक्षाला गंधकाची भुकटी धुरळतानाही फ्लीस घरीच बरं. हवेतली गंधकाची भुकटी ठिणगीला फार लवकर पेट घेते.

सगळ्यात जास्त ध्यानात ठेवायची गोष्ट शेकोटीची. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या शिवारातला एक पोरगा मोटारीपाशी शेकत बसला होता. बाभळीचा निखारा फुटला अन् बाहीवर उडाला. हरभऱ्याच्या दाण्याएवढंच भोक पडलं, पण त्या जागचं कापड वितळून मनगटाला चिकटलं. पॉलिस्टर 250 ते 260 अंशाला वितळतं, अन् निखारा त्याच्या दुपटीहून जास्त तापलेला असतो. सुती कापडाला ठिणगी लागली तर ते जळतं, काळं होतं, आपण झटकून टाकतो. वितळलेलं प्लास्टिक मात्र झटकता येत नाही, ते कातडीला धरून राहतं अन् थंड होईपर्यंत भाजत राहतं. त्याच्या बापानं चिकटलेलं ओढलं नाही हे फार बरं केलं. मोटारीच्या धारेखाली वीस मिनिटं हात धरला, बांगडी-कडं काढलं, अन् तसाच दवाखान्यात नेला. ओढलं असतं तर कातडी बरोबर आली असती. टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही.

सुती कापड चांगलं, असंही मी म्हणणार नाही. ढगळ सुती कपडा आगीत झपकन पेटतो. शेकोटीपाशी घोंगडीसारखं दुसरं काही नाही. लोकरीला आग लवकर धरत नाही, अन् आगीपासून बाजूला केलं की बऱ्याचदा आपोआप विझते. फ्लीस आत, घोंगडी वर, आणि बसायचं वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे ठिणग्या आपल्याकडं येणार नाहीत.

आपलं कापड कुठल्या जातीचं हे ओळखायचं असेल तर त्याच्यावरचा एक गोळा चिमट्यानं तोडा आणि घराबाहेर काडीवर धरा. आगीपासून आकसून मागं सरकला, वितळला, अन् थंड झाल्यावर काळा टणक मणी राहिला तर पॉलिस्टर. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली तर लोकर. कागदासारखा जळला तर सूत. ओशट वाटलं की हात लांब ठेवा, मणी गार व्हायला वेळ लागतो.

गोळ्यांचं कारणही त्याच तुटक्या टोकांत आहे. बाही, कोपर, खुरपणीचा दोर अंगाला घासतो तिथं लवेची टोकं एकमेकांत गुंततात आणि गोळा होतो. लोकरीवरही गोळे होतात, पण लोकरीचा धागा कमजोर असल्यानं गोळा थोड्या दिवसांत तुटून पडतो. पॉलिस्टरचा धागा मजबूत, तो गोळ्याला कापडाशी धरून ठेवतो. म्हणून जॅकेट जुनं दिसतं तरी फाटत नाही. गोळे हातानं ओढले तर खालचे धागेही बाहेर येतात अन् आणखी गोळे होतात. कात्रीनं किंवा रेझरनं हलकेच कापावेत.

अन् जे धागे गुंतत नाहीत, ते गळतात. विणकामात धागा नुसता घासणीनं धरलेला असतो, गाठ नसते. धुताना पाणी आणि घासणी लागली की टोकं निसटतात. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली मोजलं, तर एका धुण्यात एका जॅकेटमधून सरासरी 1.7 ग्रॅम धागे निघाले. जुनं जॅकेट नव्यापेक्षा जास्त गळतं, आणि वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये पुढून उघडणाऱ्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त. हिवाळ्यात दहा वेळा धुतलं तर एका घरात एकाच जॅकेटचे सतरा ग्रॅम झाले. आमच्याकडं धुण्याचं पाणी परसातल्या अळूला अन् केळीला जातं. ते धागे कुजत नाहीत, मातीतच राहतात. ड्रिपचा 120 मेशचा फिल्टर असला तरी भरवसा नाही, कारण धागा केसाहून बारीक असतो अन् उभा आला तर जाळीतून सहज पार होतो.

म्हणून आम्ही मशीनच्या पाईपच्या तोंडाला जुन्या पांढऱ्या धोतराचा दुहेरी तुकडा बांधला. लाल जॅकेट धुतलं तर तुकड्यावर लाल कापसासारखा थर जमतो. सगळंच अडकत नाही, बारीक ते निसटतंच, पण जे अडकतं ते डोळ्यांना दिसतं. तो थर वाळवून प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकतो. शेणखतात किंवा चुलीत नाही. जॅकेट गार पाण्यात, उलटं करून, थोडा वेळच धुतो, तेही मळल्यावरच. आमच्या मंडळींचं म्हणणं, कॉलर तेवढी साबणानं पुसली तरी दोन आठवडे निघतात.