गर्भिणीचा चहा

माझ्या भाचीला तिसरा महिना लागला आणि तिच्या चहाचा प्रश्न घरांत निघाला. आजेसासूबाईंच्या मतें चहा उष्ण, म्हणून एक घोटहि नको, कचेरींतील मैत्रिणी म्हणत, "कांहीं होत नाहीं." तिनें मला विचारलें, "मावशी, खरें कोणाचें धरूं?"

प्रश्न वस्तुतः चहांतील कॅफीनचा आहे. हें द्रव्य वारेंतून गर्भापर्यंत पोंचतें आणि त्याचा निचरा करण्याची शक्ति गर्भाच्या यकृतांत आलेली नसते. अतिसेवनाचा संबंध गर्भपाताशीं व बालकाच्या कमी वजनाशीं आढळला आहे. परंतु पहिल्या महिन्यांपुरता हा पुरावा निर्विवाद नाहीं. जिला मळमळ अधिक, तिला कॉफीचा वासहि सोसत नाहीं. आणि मळमळ हें बहुधा गर्भ नीट धरल्याचें लक्षण असतें. तेव्हां कॉफी सुटली म्हणून गर्भ टिकला, कीं गर्भ सबळ म्हणून कॉफी सुटली, हें ठरविणें कठीण. म्हणूनच तज्ज्ञांनीं बंदी न घालतां मर्यादा घातली. अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनें २०१० सालीं आणि युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं दिवसाला २०० मिलिग्रॅम ही सीमा मानली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं ३०० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांस तें कमी करण्यास सांगितलें. आम्हीं कडक सीमाच पत्करली.

मग कपांचा हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें १५० मिलिलिटरच्या कपभर चहांत ३० ते ६५, झटपट कॉफींत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफींत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतें. ३३० मिलिलिटर कोलांत सुमारें ४०. भाचीचे चहा तीन, झटपट कॉफी एक, कोला एक. आंकडे वरचेच धरले तर १९५, ६५ व ४० मिळून ३००! एक चहा व कोला वगळतांच बेरीज १९५ वर आली. मात्र माहेरीं गाळलेली कॉफी घेतली, तर त्या दिवशीं चहा एकच, म्हणजे १८५.

येथें फसगत भांड्यानें होते. कचेरींतील मोठ्या मगांत दोन कप सहज मावतात. म्हणून नेहमींचें भांडें एकदां पाण्यानें मोजावें. चहा जेवणाच्या मागेंपुढें तासभर तरी घेऊं नये, कारण त्यांतील टॅनिन अन्नांतील लोह शरीरास मिळूं देत नाहीं.

एकदम चहा सोडल्यास डोकें दुखतें. म्हणून दोन-चार दिवसांआड एकेक कप कमी करावा. आणि डोकें दुखलें तरी मनानें गोळी घेऊं नये. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत कॅफीनच असतें, तेव्हां गोळी डॉक्टरांनाच विचारून घ्यावी.