लिमिट कुणाची?

प्रवेशाच्या दिवसांत बँकेत डिजिटल व्यवहारांच्या टेबलावर बसलं की एकच तक्रार ऐकू येते: "साहेब, खात्यात पैसे आहेत, पण फी जात नाही." एक उदाहरण घेऊ. मुलीची फी ८५,००० रुपये, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. वडिलांनी सकाळीच गवंड्याला ३०,००० पाठवले होते. यूपीआयची नेहमीची दिवसाची कमाल मर्यादा एक लाख, त्यामुळे आता उरले ७० हजार. ॲप नकार देतं ते इथे.

अशा वेळी लोक दुसरं ॲप टाकतात. उपयोग नाही, कारण बँक खात्यावरची बेरीज करते आणि खातं तेच असतं. वर अँड्रॉइडवर नव्या नोंदणीला पहिल्या २४ तासांत फक्त पाच हजारच पाठवता येतात. मध्यरात्रीची वाट पाहण्यातही अर्थ नसतो. बऱ्याच बँका व्यवहारापासून २४ तास मोजतात.

आधी पाहायचं ते पैसे घेणाऱ्याचं खातं. शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांसाठी २०२४ पासून एका व्यवहाराची मर्यादा पाच लाख आहे. मात्र ती संस्था त्या वर्गात पडताळणी होऊन नोंदलेली हवी, आणि आपल्या बँकेनेही ती सवलत लागू केलेली हवी. कार्यालयाच्या काचेवर चिकटवलेला क्यूआर पुष्कळदा साध्या खात्याचा असतो. म्हणून विचारावं, "कॉलेजच्या वेबसाइटवर फी भरायचं पान आहे का?" तिथे नेट बँकिंग किंवा डेबिट कार्ड चालतं, आणि त्यांची मर्यादा बहुतेक बँकांत यूपीआयहून वेगळी मोजली जाते. कार्डाची मर्यादा बँकेच्या ॲपमधून तिथल्या तिथे वाढवताही येते. आमच्या या गृहस्थांचं काम अशा पानावरच झालं असतं.

पान नसेल तर कॉलेजच्या खात्यावर एनईएफटी करावी. ती २०१९ च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला गठ्ठा पुढे जातो. आरटीजीएस इथे बाद, ती दोन लाखांपासून सुरू होते. अडचण नव्या लाभार्थ्याची: खाते जोडल्यावर अनेक बँका काही तास मोठी रक्कम सोडत नाहीत. म्हणून साडेचारला हा मार्ग धरू नये. त्यापेक्षा मुलीच्या आईच्या खात्यातून, तिच्याच फोनवरून भरणं बरं. पावती मात्र मुलीच्या नावे आणि अर्ज क्रमांकासह घ्यावी.

"लिमिट वाढवून देतो" म्हणत फोन करणाऱ्याला स्क्रीन दाखवू नये. बँक असं करत नाही.

पहिला प्रयत्न 'प्रलंबित' दिसत असेल, तर पुन्हा भरण्याआधी खात्याचा उतारा पाहावा. पैसे वजा झाले असतील तर यूटीआर क्रमांक कार्यालयात दाखवून मुदतीत भरल्याची नोंद मागावी. व्यापारी व्यवहार फसला आणि रक्कम पाच दिवसांत परत आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये बँक देणं लागते.