स्पीकरसोबतची चिठ्ठी

आई, अण्णा,

पहिल्या पगारातून हा छोटा स्पीकर पाठवतोय. पेनड्राइव्हमध्ये दोनच गाणी आहेत. तुमच्यासमोर बसून जे बोलता येत नाही, ते त्यांनी बोलावं.

अण्णा, पहिलं तुमचं. संदीप खरेंनी लिहिलेलं, सलील कुलकर्णींनी चाल दिलेलं ‘दमलेल्या बाबाची कहाणी’. त्यातला बाप शहरातला, ऑफिसातून उशिरा घरी येणारा. तुम्ही उशिरा यायचात ते हळदीच्या कढईवरून. शिजलेली हळद पत्र्यावर वाळायची, मग ढोलात घासून पिवळी व्हायची, तेव्हा कुठे वसमतच्या बाजारात जायची. पट्टी हातात आली की आधी माझी फी आणि उरलं तर तुमची चप्पल. गाण्यात चप्पल नाही, पण दमणं तेच आहे.

आई, तुझ्यासाठी माधव जूलियनांचं ‘प्रेमस्वरूप आई’ घ्यायचं म्हणत होतो. पण ती आई हरवलेल्या लेकराची हाक आहे. तू समोर असताना ते कशाला? म्हणून आपल्या नर्सीच्या नामदेवांचा ‘पक्षिणी प्रभाते’ हा अभंग घेतला. त्यात पक्षीण पहाटे चाऱ्याला जाते आणि पिल्लू उपाशी वाट पाहतं. तूही अंधारातच हळद वेचायला जायचीस. मी मात्र उपाशी नसायचो, भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली असायची. तेवढा फरक नामदेवांना सांगायला हवा.

बॅटरी संपली की मोबाइलचाच चार्जर लावा. आणि अण्णा, पुढच्या महिन्यात चप्पल घेतो, माप कळवा.