फोटोओळीतली घोणस

पावसाळा सुरू होता होता एका दैनिकाच्या जिल्हा पानावर रंगीत फोटो छापून आला. एका तरुणाच्या हातात जेमतेम वीतभर साप, आणि खाली फोटोओळ : ‘गोठ्यात आढळलेल्या अजगराच्या पिल्लाला जीवदान.’ तो अजगर नव्हता. ती घोणस होती, नुकतीच जन्मलेली. तरुणाने तिला मधोमध चिमटीत धरले होते आणि तिचे तोंड पूर्ण मोकळे होते.

सापांचा अभ्यास करताना वर्तमानपत्रांतल्या चुकीच्या फोटोओळी नेहमीच दिसतात. धामणीला नाग म्हटले किंवा कवड्याला मण्यार म्हटले, तर बिचारा साप हकनाक मरतो आणि त्याचे वाईट वाटते. घोणशीला अजगर म्हणणे ही मात्र वेगळ्याच जातीची चूक आहे. इथे विषारी सापाला बिनविषारी ठरवले जाते, आणि वाचलेल्या ओळीवर विसंबून कोणीतरी हात पुढे करतो. म्हणून संपादकांना त्याच दिवशी पत्र लिहायचे ठरवले.

पत्र लिहिण्याआधी खात्री करावी लागते, आणि छापील फोटोवरून ती करताना काय सोडून द्यायचे हे आधी कळावे लागते. रंग सोडून द्यायचा, कारण वर्तमानपत्राच्या कागदावर तपकिरीचा पिवळा होतो आणि पिवळ्याचा राखाडी. डोळ्याची उभी बाहुली उपयोगाची नाही, ती दोघांनाही असते. डोक्यावरच्या खुणाही फसव्या. अजगराच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारखा गडद पट्टा असतो, पण घोणशीच्या डोक्यावरही गडद डाग आणि त्यांच्यापासून नाकाकडे जुळत येणाऱ्या दोन फिकट रेघा असतात. लहान फोटोत त्या सारख्याच भासतात. महिन्यावरूनही निकाल लागत नाही. आपल्याकडे घोणशीची पिल्ले साधारण मे ते जुलैमध्ये जन्मतात, आणि अजगराची अंडीही पावसाळ्याच्या आसपासच फुटतात.

मग उरते काय? अंगावरची नक्षी. घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, एक मधोमध आणि एकेक दोन्ही कुशींवर. प्रत्येक ठिपका आत तपकिरी, त्याला काळी कड आणि बहुतेकदा त्या कडेबाहेर पांढरट रेघ. ठिपके आकाराने सारखे असतात आणि मधली रांग साखळीसारखी मानेपासून शेपटीकडे जाते. अजगराच्या पाठीवर मोठे, वेडेवाकडे, कोनदार चट्टे असतात. शेजारचे दोन चट्टेसुद्धा एकसारखे नसतात. या फोटोत मधल्या रांगेतले ठिपके एक एक करून मोजता येत होते.

दुसरी खूण लांबीची, आणि ती मला सर्वांत भरवशाची वाटते. अंड्यातून बाहेर पडणारे अजगराचे पिल्लू दीड ते दोन फूट असते. घोणस पिल्लांना जन्म देते, आणि ते पिल्लू जन्मतः साधारण वीतभर असते. फोटोत माणसाचा हात होता, म्हणजे मोजपट्टीच होती. एवढासा अजगर असूच शकत नाही. खवल्यांचा पोत हीही एक पक्की खूण आहे. अजगराचे अंग गुळगुळीत, तकतकीत असते, तर घोणशीच्या खवल्यांवर मधोमध उंचवटा असल्याने ती खरखरीत, निस्तेज दिसते. पण छापील फोटोत ठिपक्या-ठिपक्यांची शाई असते, तिच्यात हा उंचवटा हरवतो. त्यासाठी मूळ फोटो मागवावा लागतो.

पत्र मुद्दाम छोटे ठेवले. लांबलेले पत्र कापले जाते, आणि नेमके महत्त्वाचे वाक्यच कापले जाण्याची भीती असते.

‘मा. संपादक, स. न. वि. वि. आपल्या आजच्या अंकात जिल्हा पानावर अजगराचे पिल्लू म्हणून छापलेला साप घोणस आहे. पाठीवरच्या सारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि वीतभर लांबी यांवरून हे स्पष्ट होते. घोणस अत्यंत विषारी असून तिच्या पिल्लालाही जन्मापासून विष असते. फोटो पाहून कोणी असा साप हाताळण्याचा संभव आहे. कृपया दुरुस्ती त्याच पानावर, त्याच फोटोसह छापावी. फोटोतील व्यक्तीला दंश झालेला नाही याची आपल्या बातमीदारामार्फत आजच चौकशी करावी. मूळ फोटो पाठवल्यास खवल्यांवरूनही खात्री करून देईन. आपला नम्र.’

शेवटून दुसरी विनंती मला सर्वांत तातडीची वाटत होती. घोणशीच्या विषाने रक्तात बारीक गुठळ्या होत जातात आणि गोठण्यासाठी लागणारी द्रव्ये त्यातच संपतात. मग रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, जखमेतून रक्त येत राहते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रुग्णालयात यासाठी साधी तपासणी आहे : कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. सुरुवातीला रक्त नीट गोठले तरी तपासणी पुन्हा करतात, कारण परिणाम काही वेळाने दिसू शकतो. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी एकच आहे, त्यामुळे डॉक्टरांना साप दाखवावा लागत नाही. ते लक्षणांवरून उपचार करतात. चुकीच्या नावाचा घात रुग्णालयाच्या आधी होतो. ‘अजगराचे पिल्लू चावले, त्याला कुठे विष असते’ म्हणत माणूस हळद लावून घरी बसतो.

दुसऱ्या दिवशी उपसंपादकांचा फोन आला. तरुण सुखरूप होता. नाव कोठून आले तेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले. गावात जमलेल्यांपैकी कोणी ‘अजगर’ म्हणाले, बातमीदाराने तेच फोटोसोबत पाठवले, आणि रात्री पान लावताना विचारायला कोणी नव्हते.

“वाचकांच्या पत्रांत तुमचे पत्र घेतो,” ते म्हणाले.

“पत्र नको, फोटो पुन्हा छापा,” मी म्हणालो. “ज्यांनी फोटो पाहिला त्यांच्या लक्षात फोटोच राहणार. पत्रांचे पान ते उघडतीलच असे नाही.”

“चुकीचा फोटो परत छापायचा?”

“फोटो चुकीचा नाही, साहेब. ओळ चुकीची आहे.”

आमच्यात थोडी ओढाताण झाली, पण या मुद्द्यावर मी हटलो नाही, आणि हटायला नको होते असेच आजही वाटते. ‘अमुक अंकातील फोटोत अनवधानाने चूक झाली’ अशा दोन ओळींच्या खुलाशाने वाचकाला घोणस ओळखता येत नाही. नक्षी पुन्हा डोळ्यांसमोर आली आणि तिच्याखाली खरे नाव आले, तरच आधीचे नाव पुसले जाते. मात्र हात कापून फक्त साप ठेवा, हे मी आग्रहाने सांगितले. नाहीतर घोणस अशी धरतात असा धडा जातो.

मूळ फोटो आला. मोठा करून पाहिला तेव्हा पाठीच्या खवल्यांवरचे उंचवटे स्पष्ट दिसले, आणि डोक्यावर बारीक खवल्यांचीच दाटी होती. अजगराच्या तोंडाच्या पुढच्या भागावर मोठे खवले असतात, ते इथे नव्हते. मी तसे लेखी कळवले. चार दिवसांनी जिल्हा पानावरच, जवळपास तेवढ्याच आकारात, फोटो आला : ‘ही घोणस आहे, अजगर नव्हे. पाठीवर सारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा. अत्यंत विषारी. हात लावू नये.’

ई-पेपरमध्ये मात्र त्या पहिल्या दिवसाचे पान अजून जुन्याच ओळीसह उघडते, आणि तेच कात्रण मोबाइलवरून फिरताना दिसते. त्या पानाला दुरुस्तीची टीप जोडावी म्हणून मी संपादकांना दुसरे पत्र पाठवले आहे.