दादाची सही

आज दादाने हमीपत्रावर सही केली. एकट्या बाईला मूल दत्तक घ्यायचं तर जवळच्या नातेवाइकाने लिहून द्यावं लागतं, की तिचं बरंवाईट झालं तर मी मुलाला सांभाळीन. बाकी कागदपत्रं मी केव्हाच जमवली होती. उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सगळं. अडलं होतं ते या एका कागदापाशी.

बाळापूरच्या आमच्या ओसरीवर सगळे बसले होते. आत्या म्हणाली, "माय, बापाचं नाव काय लावशील?" मी सांगितलं, दत्तकाचा आदेश झाला की जन्मदाखल्यावर आई म्हणून माझंच नाव येतं. काकांना रानाच्या वाट्याची काळजी. त्यांनाही स्पष्टच सांगितलं, ते मूल कायद्याने माझंच, पोटच्या लेकराइतकाच त्याचा माझ्या वाट्यावर हक्क.

"अजून थांब, एखादं स्थळ येईल," आई हळूच म्हणाली. तिचा जीव तुटतो, मला कळतं. पण मी अडतीस वर्षांची आहे. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नोंदणीच्या दिवशी एकट्या पालकाचं वय ४०च्या वर चालत नाही.

दादा बराच वेळ कागद वाचत राहिला. मग म्हणाला, "ताप आला तर रात्री फोन कर, सकाळची वाट नको पाहू." आणि पेन मागितलं.

उद्या नोंदणी करते. पुढे समाजसेविका घर पाहायला येईल, आत्यालाही प्रश्न विचारील. आत्याने खरं तेच सांगावं.