पुरातून आलेला तवा

मृगाचा पाऊस लागला की कोल्हापुरात लोखंड घाम धरतं. फडताळातल्या तव्यावर आधी काठाला नारिंगी पूड दिसते, मग ती आत सरकते. पण पावसाची ओल वेगळी आणि पुराचं पाणी वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा एकदमच फुगल्या, तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या आत्याच्या घरात पाणी बरेच दिवस ठाण मांडून होतं. ते ओसरल्यावर स्वयंपाकघरातल्या गाळातून जे जे हाताला लागलं, त्यात तिचा बिडाचा तवा होता. वीट भाजून काढावी तसा तांबडा आणि पापुद्रे सुटलेला. घरातल्या पोरांनी तो भंगारात काढला. आत्या म्हणाली, "आरं, वर गंजलाय. आत बीड हाय त्यो." आणि तिनं तो माझ्या हवाली केला.

आत्याचं म्हणणं खरं होतं, पण एका अटीवर. तव्याला तडा नसेल तरच. पत्र्याचा तवा पडला तर पोचतो, बिडाचा फुटतो. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपानं धातूत विखुरलेला असतो. त्या पाकळ्यांच्या रेषेवर बीड चिरतं. म्हणून गाळ धुतल्यावर पहिलं काम घासणी हातात घेण्याचं नव्हे. तवा दांडीला धरून अधांतरी उचलायचा आणि लाकडी लाटण्यानं काठावर हलकेच टकटक करायची. उद्यमनगरातल्या आणि शिरोलीतल्या फौंड्र्यांमध्ये कास्टिंग असंच हातोडीनं ऐकून तपासतात. आत्याच्या तव्यानं स्वच्छ, लांबणारा नाद दिला. बद्द आवाज आला असता तर तो तवा खरंच भंगाराचा होता, कारण तडा गेलेलं बीड आचेवर उकलत जातं.

सुटा गंज कोरडाच काढावा. तारेची घासणी घेऊन गोल फिरवत राहिलं की तांबडी भुकटी पडते आणि खालून करडा रंग दिसायला लागतो. नुसता पावसाळी गंज असेल तर जाडं मीठ आणि थोडं तेल एवढ्यावर भागतं. ग्राइंडरची चकती मात्र लावू नये. तिनं काम पटकन होतं, पण चकती नको तिथं चरे पाडते आणि वाळूच्या साच्यातून आलेला बिडाचा बारीक खरबरीतपणा घासून टाकते. पुढे तेलाचा थर धरतो तो त्याच खरबरीत अंगाला.

आत्याच्या तव्यात गंज खड्ड्यांत बसला होता, तिथं घासणी पोहोचत नव्हती. प्लॅस्टिकच्या टबात निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घेऊन तवा त्यात बुडवला. ॲल्युमिनियमची परात इथं चालत नाही, आम्ल तीच खाऊन टाकतं. टबापासून लांब जाऊ नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी तवा बाहेर काढायचा, घासायचा, बघायचा. गंज विरघळतो तोवर ठीक, पण गंज संपला की आम्ल खुद्द लोखंडाला लागतं. उघड्या करड्या जागेवरून बारीक बुडबुडे एकसारखे उठायला लागले की तवा तात्काळ काढावा. रात्रभर ठेवलेला तवा सकाळी अगदी काळवंडलेला आणि खाल्लेला दिसतो. एका बैठकीला तासाच्या पुढे जाऊ नये. गंज उरला तर पुन्हा घासून पुन्हा बुडवावा.

नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं आणि साबणानं तवा धुतला. इथं हात चलाख हवा. उघडं पडलेलं बीड ओलं राहिलं तर बघता बघता त्याच्यावर नारिंगी झाक येते. फडक्यानं पुसून लगेच मंद आचेवर ठेवला आणि काठ, कान, पाठ सगळीकडचं पाणी उडेपर्यंत हलवला नाही. पांढऱ्या फडक्यावर काळा डाग येत राहिला. पुष्कळ जण तो गंज समजून घासतच बसतात. तांबडा किंवा तपकिरी डाग असेल तर गंज. करडा-काळा असेल तर बहुधा बिडातलं ग्राफाइट. ते कितीही घासलं तरी येतच राहणार.

आता तेल. कोल्हापुरात घरोघरी शेंगतेल, आणि भाकरीबरोबर ठेचा कालवायला त्याच्यासारखं तेल नाही. पण तव्याला मी करडईचं घेतलं. करडईच्या तेलाचे रेणू उष्णतेत आणि हवेत एकमेकांना चटकन जोडले जातात, आणि जोडले गेले की ते तेल राहत नाही, घट्ट कातडीसारखा थर होतो. शेंगतेलात ही क्षमता कमी आहे, खोबरेलात जवळजवळ नाहीच. जवसाचं सर्वांत लवकर घट्ट होतं, पण त्याचा थर पुढे टवके धरून निघतो असा अनुभव अनेकांचा आहे.

तवा हाताला सोसेल इतपत कोमट असताना अर्धा चमचा तेल दोन्ही अंगांना, काठाला, दांडीलाही चोळलं. मग जुन्या धोतराच्या कोरड्या तुकड्यानं ते पुसून काढलं, इतकं की बोट फिरवलं तर ओली रेघ उमटू नये. सारं काम इथंच बिघडतं. जाड तेल घट्ट होत नाही, चिकट राहतं, आणि त्या चिकटपणावर पुढची धूळ, पुढची भाकरी सगळं बसतं. तवा मंद आचेवर ठेवला आणि दोन-चार मिनिटांनी बघितलं, तर खड्ड्यांच्या तोंडाशी तेलाचे मणी जमले होते. ते पुन्हा पुसले. मग आच मध्यम केली, खिडकी उघडी ठेवली. धूर निघायला लागला की आच तिथंच धरायची आणि धूर थांबेपर्यंत थांबायचं. गॅसची आच मध्यावर जास्त लागते, म्हणून तवा फिरवत काठही आचेवर आणावे लागतात. मग आपोआप निवू द्यायचा. गरम तव्यावर गार पाणी पडलं तर सगळी मेहनत एका कडाडासरशी जाते.

पहिल्या थरानंतर तवा करड्याचा तपकिरी होतो. नवख्याला वाटतं, गंज परत आला. बोट घासलं तर पूड येत नाही, हीच ओळख. पुढच्या थरांत तो रंग गडद होत जातो. चार-पाच थर झाले तेव्हा आत्याचा तवा काळा होऊन मंद चमकत होता. खड्डे दिसत होते, पण त्यांचे काठ बुजले होते. कुठं चिकट वाटलं असतं तर तेल वाढवायचं नव्हतं, नुसता कोरडा तवा आणखी तापवायचा होता.

कांदा अर्धा कापून तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याची रीत चांगली आहे, पण तिचा उपयोग तेल पातळ पसरायला होतो. थर धरतो तो आचेनं.

आणि इथं भाकरीचा प्रश्न येतो. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवतात आणि उलटली की तेच ओलं अंग तव्याला लागतं. तेल नाही, पाणी रोज, वर आच कडक. नव्यानं घेतलेला थर एवढ्यावर लवकर विरतो. म्हणून सुरुवातीला आत्याला मी आंबोळ्या आणि तेल लावून घडीच्या चपात्या करायला सांगितलं. चिंच, टोमॅटो, आमसूल घातलेलं काही त्यावर शिजवायचं नाही, आम्ल थर सोडवतं. भांड्याच्या साबणानं धुवायला हरकत नाही. तारेची घासणी मात्र कामवाल्या मावशींच्या हाती लागू द्यायची नाही. धुतला की आचेवर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि पावसाळ्यात कागदात गुंडाळण्यापेक्षा खुंटीला टांगायचा, कारण कागद ओल धरतो. पाठीचा थर ज्योतीनं जळतो, तिथं मधून मधून तांबडं दिसेल. तेवढीच जागा घासून तिथं पुन्हा एक पातळ थर द्यायचा.

आत्यानं आंबोळ्या चार दिवस केल्या आणि मग भाकरीच टाकली. तिनं माझं ऐकलं ते एवढंच, पण दर भाकरीनंतर तव्यावर तेलाचं फडकं फिरवायला ती विसरत नाही.